एस-कर्व्ह कसा वाचायचा: काम किती मागं आहे हे रेघेवरून ओळखण्याची रीत

सांगली-सातारा भागात पाणीपुरवठ्याच्या, रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावर नव्यानं रुजू झालात की पहिल्या महिन्यातच मासिक प्रगती अहवालाचं काम तुमच्याकडे येतं. त्यात एका पानावर दोन रेघांचा आलेख असतो, त्यालाच एस-कर्व्ह म्हणतात. एक रेघ नियोजित प्रगतीची, दुसरी प्रत्यक्ष प्रगतीची, आणि दोन्ही कामाच्या सुरुवातीपासूनची बेरीज दाखवणाऱ्या. आढावा बैठकीत पडद्यावर हे पान आलं की साहेब एकच विचारतात, "काम किती मागं आहे?" बहुतेक जण दोन आकड्यांची वजाबाकी करून "अठरा टक्के" असं सांगून मोकळे होतात. त्या उत्तरातून काम कधी संपेल हे कळत नाही, आणि विचारणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मी सांगली जिल्ह्यात पाणीपुरवठा योजनांचं नियोजन बघतो. म्हणून उदाहरणही त्यातलंच घेतो: पलूस-वाळवा भागातली, कृष्णेवरून पाणी उचलणारी काही गावांची योजना. मुदत बारा महिने, काम सुरू १ नोव्हेंबरला, पूर्ण करायचं ३१ ऑक्टोबरला. आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत, पण अशा योजनांचं काम असंच चालतं.

## सुरुवातीला जवळ काय हवं

- मंजूर झालेला मूळ बार चार्ट, त्यावरच्या तारखेसह. नंतर सुधारलेला असेल तर तोही, पण वेगळा ठेवा.
- प्रत्येक घटकाचा भारांक, म्हणजे शंभरपैकी त्या घटकाला किती टक्के दिलेत तो तक्ता.
- मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि साइटवरची रोजची डायरी.
- एक्सेल. महागड्या सॉफ्टवेअरशिवायही हे सगळं होतं.

आपल्या उदाहरणात भारांक असे आहेत: पाईप पुरवठा ३०, पाईप अंथरणं आणि जोडणी २५, उंच टाकी १८, जॅकवेल आणि पंपघर १२, जलशुद्धीकरण केंद्र १०, चाचणी आणि योजना सुरू करणं ५.

## १. आधी नियोजित रेघ तपासा

नवीन माणूस थेट प्रत्यक्ष प्रगतीच्या रेघेकडे बघतो. पण जिच्याशी तुलना करायची ती रेघच चुकीची असेल तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

कामाची सुरुवात सर्वेक्षण, आराखड्यांची मंजुरी आणि जागा ताब्यात घेणं यांत जाते, म्हणून रेघ हळू चढते. मध्ये सगळ्या आघाड्या एकदम सुरू असतात तेव्हा ती उभी चढते, आणि शेवटी चाचण्या व किरकोळ कामं उरली की पुन्हा आडवी होते. त्यामुळे तिला इंग्रजी एस अक्षराचा आकार येतो. पुस्तकातला एस गुळगुळीत असतो. आपल्याकडच्या खऱ्या कामाचा तसा असूच शकत नाही, कारण मध्ये पावसाळा येतो. जून ते ऑगस्ट या महिन्यांत रेघ जवळपास आडवी पडलेली दिसली पाहिजे. ती किती आडवी हवी हे तालुक्यावर ठरतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे खोदाई पूर्ण बंद धरावी लागते. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत पावसातही बरंच काम होतं. नदीकाठच्या काळ्या मातीत मात्र चर खोदला की कडा ढासळतात आणि जेसीबी रुततो, म्हणून पलूस-वाळव्याला पावसाळा कडकच धरायचा.

दुसरी गोष्ट उसाची. पाईपलाईन शेताच्या बांधावरून किंवा शेतातून जाणार असेल तर उभ्या उसात कोणी चर काढू देत नाही. तोड येईपर्यंत थांबावंच लागतं. त्यात कारखाने सुरू असताना ट्रॅक्टर-ट्रॉल्या ऊस वाहतुकीला लागलेल्या असतात. नियोजित रेघेत डिसेंबर-जानेवारीतच पाईप अंथरणी जोरात दाखवली असेल तर तो कार्यक्रम गाव न बघता केलेला आहे, असं खुशाल समजा आणि अहवालात तसं नोंदवा.

आपल्या योजनेचे महिनाअखेरचे एकत्रित आकडे असे:

| महिना | नियोजित % | प्रत्यक्ष % |
|---|---|---|
| नोव्हेंबर | २ | १ |
| डिसेंबर | ६ | ३ |
| जानेवारी | १४ | ८ |
| फेब्रुवारी | २५ | २० |
| मार्च | ३९ | ३७ |
| एप्रिल | ५४ | ४२ |
| मे | ६८ | ५० |
| जून | ७५ | |
| जुलै | ७९ | |
| ऑगस्ट | ८३ | |
| सप्टेंबर | ९१ | |
| ऑक्टोबर | १०० | |

पावसाळ्यात चढ सात, चार आणि चार टक्के असा उतरलेला आहे. म्हणजे ज्यानं कार्यक्रम केला त्यानं पाऊस विचारात घेतलाय. ही रेघ वापरायला हरकत नाही.

## २. प्रत्यक्ष प्रगतीचा आकडा कुठून आला ते विचारा

हा आकडा दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक, साइटवर झालेल्या कामाच्या मोजमापावरून. दुसरा, बिलावरून. बिलावरून काढलेला आकडा कामाच्या मागून चालतो आणि मार्चमध्ये एकदम उडी मारतो, कारण आर्थिक वर्ष संपायच्या आत बिलं लावायची घाई असते. आधीच्या महिन्यांत झालेलं काम मार्चच्या नोंदीत चढतं आणि रेघ सुधारल्यासारखी दिसते. म्हणून आकडा कोणत्या तारखेपर्यंतच्या मोजमापाचा आहे हे पानावर लिहिलेलं नसेल तर आधी ते लिहून घ्या.

मोजमापावरून आकडा काढणं सोपं आहे. एक्सेलच्या ब स्तंभात भारांक आणि क स्तंभात त्या घटकाचं पूर्ण झालेलं प्रमाण 40% असं टक्क्याच्या चिन्हासह भरलं की खालचं सूत्र एकूण प्रगती देतं. इथे ब म्हणजे पडद्यावरचा B, क म्हणजे C.

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)
```

मे अखेर आपल्या योजनेत पाईप पुरवठा १००%, अंथरणी ४०%, आणि टाकी, जॅकवेल व शुद्धीकरण केंद्र प्रत्येकी २५% झालंय. चाचणी शून्य. भारांकांनी गुणून बेरीज केली की ३०, १०, ४.५, ३ आणि २.५ मिळून ५० येतात. तक्त्यातला आकडा जुळला.

"पंचवीस टक्के" हे कोणी आणि कशावरून ठरवलं हेही बघा. टाकीसाठी आधीच टप्पे बांधून घ्या: पाया, मग कॉलम आणि ब्रेसची एकेक लिफ्ट, तळाचा स्लॅब, भिंत, वरचा घुमट, पाणी भरून गळती चाचणी. टप्पा पूर्ण झाला तरच त्याचे टक्के धरायचे. नाहीतर "सळई बांधून झालीय, उद्या काँक्रीट पडेल" यावर टक्के वाढत जातात.

## ३. उभं अंतर बघा, पण त्यावर थांबू नका

मे अखेर नियोजित ६८, प्रत्यक्ष ५०. दोन रेघांतलं उभं अंतर १८ टक्के. हा आकडा किती काम कमी झालं ते सांगतो. किती दिवस उशीर झालाय ते सांगत नाही.

कारण टक्क्याची किंमत रेघेच्या चढावर ठरते. एप्रिलमध्ये नियोजित रेघ महिन्याला १५ टक्के चढते, तिथे चार टक्के मागं असणं म्हणजे साधारण आठ दिवस. ऑगस्टमध्ये तीच रेघ महिन्याला चार टक्केच चढते, तिथे चार टक्के म्हणजे अख्खा महिना. बैठकीत दोन योजनांची तुलना नुसत्या टक्क्यांनी होते तेव्हा हमखास चुकीच्या कामाला शाबासकी मिळते.

## ४. आडवं अंतर काढा

प्रत्यक्ष रेघेच्या शेवटच्या बिंदूवर पट्टी आडवी ठेवा आणि डावीकडे सरकत नियोजित रेघेला जिथे लागते तिथली तारीख वाचा. आज आपण जिथे आहोत तिथे कार्यक्रमाप्रमाणे कधी असायला हवं होतं, ती ही तारीख.

आपल्याकडे प्रत्यक्ष ५० आहे. नियोजित रेघ मार्च अखेर ३९ आणि एप्रिल अखेर ५४ वर होती. एप्रिलच्या तीस दिवसांत १५ टक्के, म्हणजे दिवसाला अर्धा टक्का. ३९ पासून ५० पर्यंत ११ टक्के, त्याला २२ दिवस. तारीख आली २२ एप्रिल. आज ३१ मे, म्हणजे ३९ दिवस मागं.

"अठरा टक्के"पेक्षा हे उत्तर बरंच उपयोगी आहे. पण ते अजून खरं नाही.

## ५. साहित्य पुरवठा बाजूला काढून पुन्हा बघा

पाणीपुरवठ्याच्या कामातला सगळ्यात मोठा फसवा भाग इथे आहे. पाईप हा महागडा घटक, त्यामुळे त्याचा भारांक मोठा असतो. शिवाय पाईप आणून उतरवायला ना चर लागतो, ना जागा ताब्यात लागते, ना मजूर फारसे लागतात. ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेवर गाड्या रिकाम्या झाल्या, तपासणी झाली की टक्के जमा.

तक्त्यातल्या मार्च अखेरच्या ओळीकडे परत बघा. नियोजित ३९, प्रत्यक्ष ३७. फक्त दोन टक्के मागं, आडव्या पट्टीनं चारच दिवस. जानेवारीत सहा टक्क्यांचं अंतर होतं ते दोनवर आलं, म्हणजे काम सावरलं असं कोणीही म्हणेल. आता पाईप पुरवठा वेगळा काढा. कार्यक्रमाप्रमाणे मार्च अखेर पुरवठ्याचे १८ टक्के यायचे होते, प्रत्यक्षात सगळेच्या सगळे ३० आले. उरलेल्या कामाचं, म्हणजे खोदाई, बांधकाम, जोडणी यांचं नियोजन होतं २१ टक्क्यांचं, झालं फक्त ७. साइटवर ठरल्याच्या एक तृतीयांश काम झालं होतं आणि ढिगानं पडलेले पाईप ते झाकत होते. एप्रिलमध्ये पाईप संपले आणि रेघ एकदम खाली वाकली. त्या महिन्यात काही नवं बिघडलं नव्हतं, आधीचं झाकलेलं उघडं पडलं एवढंच.

म्हणून पुरवठ्याशिवायची एक वेगळी रेघ दर महिन्याला काढाच. मे अखेर तिचे आकडे असे येतात: नियोजित ३८, प्रत्यक्ष २०, एकूण ७० पैकी. नियोजित रेघ फेब्रुवारी अखेर १५ आणि मार्च अखेर २१ वर होती, म्हणजे २० चा आकडा २६ मार्चच्या आसपास गाठायचा होता. आडवं अंतर आता ६६ दिवस. एकूण रेघ ३९ दिवस सांगत होती. उभं अंतर मात्र दोन्हीकडे अठराच राहिलं, हे लक्षात घ्या.

पाईप असे पडून राहण्यात आणखी एक धोका आहे. एचडीपीई पाईप महिनोन्महिने उन्हात उघडे ठेवणं त्यांना चांगलं नाही. झाकून ठेवलेत का ते साइटवर जाऊन बघा.

## ६. उरलेल्या कामाला लागणारा वेग काढा

आडवं अंतर आजपर्यंतचा उशीर सांगतं. तो पुढे तेवढाच राहील असं धरून चालू नका, विशेषतः मेअखेर. एप्रिल-मे हे आपल्याकडे खोदाईचे सोन्याचे महिने. त्यात न झालेलं काम जूनमध्ये करता येत नाही, ते पावसाळा ओलांडून थेट सप्टेंबरात जातं.

मे अखेर ५० टक्के काम उरलंय आणि पाच महिने हातात आहेत. नुसता भागाकार केला तर महिन्याला दहा टक्के लागतात, आणि ते जमण्यासारखं वाटतं. पण ते पाच महिने सारखे नाहीत. जून, जुलै, ऑगस्टमध्ये कार्यक्रमाप्रमाणेच काम झालं असं उदारपणे धरा: ७ आणि ४ आणि ४, मिळून १५. ऑगस्ट अखेर आपण ६५ वर. मग सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत ३५ टक्के करायचे, म्हणजे महिन्याला साडेसतरा.

आता स्वतःला विचारा की या ठेकेदारानं आजवर साइटवर एका महिन्यात जास्तीत जास्त किती काम केलं? मार्चचा १७ टक्क्यांचा आकडा दाखवून कोणी म्हणेल, "केलंय की एकदा!" पण त्यातले १५ पाईपचे होते. साइटवरचं सगळ्यात चांगलं काम मे महिन्यातलं, आठ टक्के. म्हणजे आजवरच्या सर्वोत्तम वेगाच्या दुपटीहून जास्त वेग हवा. तो येणार असेल तर कशानं येणार हे दिसायला पाहिजे: आणखी दोन जेसीबी, जोडणीची आणखी टोळी, टाकीला सेंट्रिंगचा दुसरा संच. "वाढवतो साहेब" हे उत्तर अहवालात धरू नका.

आठच्या वेगानं गेलं तर सप्टेंबर ते डिसेंबर चार महिन्यांत ३२ टक्के, उरलेले तीन जानेवारीत. काम १२ जानेवारीच्या सुमारास संपतं, मुदतीनंतर ७३ दिवसांनी. त्यात दिवाळी येते आणि पुन्हा गळीत हंगाम सुरू होतो, म्हणून हीसुद्धा आशावादी तारीखच समजा.

## ७. रेघेत न दिसणारं एक काम शोधा

एस-कर्व्ह सगळ्या घटकांची बेरीज करतो. बेरजेत कोणतं काम कोणासाठी अडलंय हे नाहीसं होतं. एका गावात अंथरणी पुढे गेली आणि नदीवर जॅकवेल अडली, तरी रेघ सारखीच. म्हणून कुठल्या एका कामाला वाट बघता येत नाही, हे बार चार्टवरून शोधावं लागतं.

आपल्या योजनेत ते काम जॅकवेल आहे. भारांक फक्त बारा, मे अखेर २५ टक्के झालेलं. बेरजेत तिथे नऊ टक्के उरलेत, आणि एवढ्याशा आकड्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण नदीपात्रातल्या विहिरीचं काम पाणी कमी असतानाच होतं. तिची भिंत पुराच्या पातळीच्या वर मे अखेरपर्यंत यायला हवी होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी त्याच्याही वर गेली होती. कोयनेतून विसर्ग सुरू झाला की पावसानं उघडीप दिली तरी पात्रातलं पाणी लवकर हटत नाही. म्हणजे पाया अर्धवट राहिला तर तो पाण्याखाली जाणार, गाळ भरणार, आणि पाणी ओसरल्यावर बांध घालून, उपसा करून पुन्हा सुरुवात करावी लागणार.

हे काम डिसेंबरात परत हाती आलं आणि उरलेल्या विहिरीला, पंपघराला आणि पंप बसवायला मिळून चार महिने लागले, तर मार्च अखेर उजाडते. त्यानंतर चाचणी, कारण पाणी उचलल्याशिवाय चाचणी होत नाही. रेघ जानेवारी सांगत होती, आणि गावाला पाणी एप्रिलच्या आधी मिळत नाही. तोपर्यंत पाईप, टाकी, शुद्धीकरण केंद्र सगळं पूर्ण होऊन प्रत्यक्ष रेघ ८६ टक्क्यांच्या आसपास आडवी पडून राहिलेली दिसेल.

उलटही होतं. एखाद्या वाडीची वितरण वाहिनी महिनाभर मागं असेल, पण ती शेवटच्या चाचणीपर्यंत कधीही झाली तरी चालणार असेल, तर रेघेत दिसणाऱ्या त्या घसरणीनं मुदत हलत नाही. तिथे माणसं न वाढवता ती जॅकवेलला द्या.

## ८. जुनी नियोजित रेघ पुसू देऊ नका

मुदतवाढ मिळाली की सुधारित कार्यक्रम येतो आणि त्याची नवी रेघ प्रत्यक्ष रेघेला बरोबर चिकटून सुरू होते. पुढच्या अहवालात अंतर शून्य. नवी रेघ काढायला हरकत नाही, ती लागतेच, पण मूळ रेघ त्याच पानावर ठेवा आणि दोन्हींवर मंजुरीची तारीख लिहा. मूळ रेघ नसेल तर दुसऱ्या मुदतवाढीच्या वेळी पहिल्या वेळी काय ठरलं होतं हे कोणालाच दाखवता येत नाही. उशिरातला किती भाग जागेच्या ताब्यामुळे, किती पुरामुळे आणि किती ठेकेदारामुळे, हा हिशेबही तिच्याशिवाय होत नाही. दंड लागणार की मुदतवाढ मिळणार हे त्याच हिशेबावर ठरतं.

नवी रेघही पहिल्या पायरीप्रमाणे तपासा. तिच्यात महिन्याला साडेसतरा टक्क्यांचा चढ दाखवला असेल, तर यंत्रं आणि टोळ्यांची यादी मागितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

## ९. आलेखाखाली चार ओळी लिहा

आलेख एकटा पाठवू नका. मे अखेरच्या पानाखाली मी असं लिहीन:

"३१ मेपर्यंतच्या मोजमापानुसार प्रगती ५०%, नियोजित ६८%. पाईप पुरवठा वगळता साइटवरचं काम सुमारे ६६ दिवस मागं. सध्याच्या वेगानं उर्वरित कामं जानेवारीच्या मध्यापर्यंत. जॅकवेलची भिंत नदीचं पाणी वाढण्याआधी सुरक्षित पातळीपर्यंत न आल्यास योजना एप्रिलपूर्वी सुरू होणं अवघड, त्यामुळे उपलब्ध काँक्रीट टोळी टाकीवरून तूर्त जॅकवेलवर हलवावी."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावर त्याच दिवशी काही करता येतं. नदीला पाणी यायला आठ-दहा दिवस असतील, तर भिंत सुरक्षित पातळीवर आणणं शक्य आहे की खोदलेला भाग नीट बंद करून ठेवणंच शहाणपणाचं, हे शाखा अभियंत्यांना सोबत घेऊन पात्रात उभं राहून ठरवा.